चार वाजताचा आलूबोंडा आणि तहान

मंडळी, कधी कधी लागलेली असते तहान, पण वाटतं भूक लागली. मेंदूत तहान आणि भुकेची केंद्रं एकच आहेत, म्हणून हा गोंधळ होतो असं नेहमी सांगितलं जातं. तसं नाही. दोन्ही कामं मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागाच्या परिसरातच चालतात, पण पेशी वेगळ्या. तहान ओळखणाऱ्या पेशी रक्त किती खारट झालं ते मोजतात. भूक लावणाऱ्या पेशी रिकाम्या पोटातून येणाऱ्या घ्रेलिनसारख्या संप्रेरकांचं ऐकतात. गल्लत होते ती पुढे, अर्थ लावताना.

मे महिन्यातला नागपुरातल्या सीताबर्डीचा एक कारकून घ्या, वजन 60 किलो. दुपारी एकला जेवला, मग उन्हात गाडीवरून काम करून आला आणि कूलरसमोर बसला. अंगात पाणी साधारण 36 लिटर. त्यातलं एक टक्का, म्हणजे 360 मिली कमी झालं, की रक्ताचा खारटपणा साधारण एक टक्क्याने वाढतो. तहानेची घंटा एक-दोन टक्क्यांतच वाजते. पण त्याला जाणवतं काय? थकवा, डोकं जड, चिडचिड, कामात लक्ष नाही. हीच लक्षणं भुकेचीही असतात. गाडीवर घाम वाऱ्याने वाळून गेलेला, त्यामुळे पाणी गेल्याचा पुरावाही अंगावर नाही.

तो चार वाजता तर्री घालून आलूबोंडा खातो आणि वर दोन ग्लास पाणी पितो. बरं वाटतं. पाणी घशाखाली उतरताच, रक्तात पोचण्याच्या आधीच, तहान शमायला लागते. पण श्रेय मिळतं आलूबोंड्याला! रोज असंच झालं की मेंदू शिकतो : असं वाटलं की खायचं. वर तर्रीतलं मीठ रक्त पुन्हा खारट करतं, ते वेगळंच.

ओळखायचं कसं? माठातलं 300 मिली पाणी, म्हणजे दीड ग्लास, सावकाश प्या आणि वीस मिनिटं थांबा. डोकं हलकं झालं, खाण्याचा विचार मागे पडला, तर बहुधा तहानच होती. मात्र पाण्याने पोट ताणलं जातं, त्यामुळे खरी भूकही थोडा वेळ दबते. तासाभरात ती परत आली आणि साधी पोळी-भाजीही चालेल असं वाटलं, तर जेवा. लघवी गडद पिवळी असेल, तर पाण्याची बाजू बळकट.

शरीरातलं पाणी फारच कमी झालं, तर उलट कोरडं अन्न घशाखाली उतरत नाही. म्हणजे ही गफलत सौम्य कमतरतेतली आहे. म्हाताऱ्या माणसांना तहान मुळातच कमी जाणवते, त्यांना मागायची वाट न बघता पाणी द्या.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना अचानक भूक, थरथर आणि थंड घाम आला, तर हा पाण्याचा प्रयोग करत बसू नका. साखर उतरलेली असू शकते. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासा.