फोटोतला गड कोणता?

नमस्कार श्रोतेहो. गडाचा फोटो ओळखताना आपण पहिल्यांदा पाहतो ती फोटोतली माणसं. त्यांना जरा बाजूला करा आणि मागचं क्षितिज पाहा. आजकाल चेहराच एवढा मोठा घेतात की मागे तोरणा आहे की शेजारच्यांची गच्ची, कळायला मार्ग नाही! असो.

आमच्या ओळखीतल्या एका काकूंकडे काकांच्या जुन्या, पारदर्शक फिल्मच्या स्लाइड होत्या. मुलाने त्या स्कॅन करून आणल्या. एका फोटोत काका गडावर उंच जागी उभे, मागे लांबच लांब, चिंचोळी माची आणि उजवीकडे खाली धरणाचं पाणी. घरातले सगळे एका सुरात म्हणाले, "हा लोहगडाचा विंचूकाटा, ते पवनेचं पाणी."

आता गंमत ऐका. लोहगडावरून विंचूकाट्याकडे तोंड केलं की आपण पश्चिमेला पाहतो आणि पवना धरण राहतं दक्षिणेला, म्हणजे डाव्या हाताला. फोटोत पाणी उजवीकडे. मग मी तट पाहिला. विंचूकाट्याचा भरवसा मुख्यतः नैसर्गिक कातळावर. इथे मात्र माचीच्या कडेने एकाला लागून एक असे दोन तट, मधे जेमतेम माणूस चालेल एवढी बोळ. असा दुहेरी तट दिसला की राजगडाची संजीवनी माची आठवायलाच हवी. पण बालेकिल्ल्यावरून संजीवनीकडे पाहिलं तर तोरणा उजवीकडे आणि भाटघरचं पाणी डावीकडे दिसतं. फोटोत तोरण्यासारखा डोंगर डावीकडे आणि पाणी उजवीकडे. म्हणजे राजगडही जुळेना!

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अहो, ह्यांच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर कसा?" तिथेच उलगडा झाला. स्लाइड उलटी ठेवून स्कॅन केली होती! फोटो आडवा उलटवला. खिसा डाव्या छातीवर आला, मागे तोरणा उजवीकडे, पाणी डावीकडे. राजगडच. मुलगा म्हणाला, "पण बाबा तर लोहगडाबद्दलच सांगायचे." काकू म्हणाल्या, "ते सांगायचे खूप."

तर पुन्हा सांगतो, नुसत्या पाण्यावर विसंबू नका. सरळ फोटोत पाणी दोन्ही गडांवरून डावीकडेच दिसतं. निकाल दिला तो तटाने आणि समोरच्या डोंगराने. शिवाय पवना धरण सत्तरच्या दशकातलं, त्याआधीच्या फोटोत लोहगडाखाली तलाव दिसणारच नाही. भाटघर मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. उन्हाळ्यात पाणी आटून मागे सरकतं, तेव्हा तर दरी ओळखूच येत नाही.

कातळाचे आडवे थर सह्याद्रीत जिकडेतिकडे सारखेच, त्यामुळे एकट्या कड्यावरून नाव ठोकून देऊ नये. आणि पावसाळ्यातल्या फोटोत मागे नुसतं धुकं असेल, तर तट दुहेरी आहे का एवढंच पाहा. तोही दिसत नसेल, तर फोटो काढणाऱ्याला सरळ फोन लावा.