'नाही' कुठे ठेवायचं?

नमस्कार श्रोतेहो.

ओठांवर बोट आडवं ठेवा आणि 'मामा' म्हणा. ओठ दोनदा मिटले ना? आता 'काका' म्हणा. एकदाही मिटले नाहीत. डबिंगसाठी मराठी संवाद लिहिणाऱ्याची निम्मी डोकेदुखी या फरकात आहे. प, ब, भ, म ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. पडद्यावर ओठ मिटले आणि कानावर 'क' आला, तर प्रेक्षकाला चूक सांगता येत नाही, पण आवाज उसना आहे हे त्याला लगेच कळतं.

एक साधं वाक्य घेऊ. हिंदी सिनेमातली एक बाई क्लोजअपमध्ये म्हणते, "मैं घर नहीं जाऊँगी." 'नहीं'वर ती मान हलवते. आपण सरळ लिहितो, "मी घरी जाणार नाही." मोजून बघा, तोंड दोन्हीकडे सातदा हलतं. सुरुवातीचा 'म'ही जुळला. तरी वाक्य पडद्यावर बसत नाही, कारण हिंदीत 'नहीं' क्रियापदाच्या आधी येतं आणि आपलं 'नाही' सगळ्यात शेवटी. मान हलून थांबते, नकार मात्र मागाहून येतो.

म्हणून शब्द फिरवायचे: "मी घरी नाही जाणार." आता नकार मानेच्या जवळपास आला. पण सूर बदलला! 'जाणार नाही' हा शांत निर्णय वाटतो, 'नाही जाणार' यात हट्ट ऐकू येतो. बाई भांडत असेल तर उत्तम. ती थकून, हळू आवाजात बोलत असेल, तर मला पहिलंच वाक्य परत घ्यावं लागतं आणि मान थोडी चुकली तरी चालवून घ्यावी लागते.

आणखी एक वाट आहे: "मी घरी नाही जायची." शेवटचा 'ई' थेट 'गी'वर बसतो, ओठ तसेच फाकतात. बोलणारी बाई आहे हेही कळतं, जे 'जाणार'मध्ये हरवलं होतं. मोह होतो! पण 'नाही जायची' रुसलेल्या मुलीच्या किंवा घरातल्या आजीच्या तोंडी शोभतं. कोर्टात उभ्या असलेल्या वकीलबाईंनी ते म्हटलं, तर लोक हसतील. तिथे मी ओठांचा मेळ सोडतो, माणूस सोडत नाही.

हे सगळं चेहरा समोर असेल तेव्हाचं. पात्र पाठमोरं किंवा लांब असेल, तर वाक्य आधी सुरू झालं नाही आणि मागे रेंगाळलं नाही, एवढंच बघायचं. लिहून झालं की मी चित्राचा आवाज बंद करतो आणि वाक्य मोठ्यानं म्हणतो. नटीचे ओठ थांबले आणि माझं 'णार' अजून चालूच असेल, तर कागदावर 'णार'खाली रेघ मारतो. माईकसमोरची कलाकार मग ते अक्षर आखूड करते.