हात न लावलेला कोड का बिघडतो

नमस्कार मंडळी. “आम्ही त्या भागाला हातच लावला नव्हता, मग तो बिघडला कसा?” रिलीजच्या दुसऱ्या दिवशी हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि बोलणारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो. म्हणून आज मी अशीच एक घटना घेतली आहे, ज्यात बिघडलेल्या प्रोग्रॅमचं एक अक्षरही बदललेलं नव्हतं.

गोष्ट २०१० सालची. फेडोरा १४ ही लिनक्सची नवी आवृत्ती येत होती. ती वापरणाऱ्या काही जणांच्या लक्षात आलं, की ब्राउझरमध्ये फ्लॅश प्लेअरवर गाणं लावलं की आवाज फाटतो. फ्लॅश तोच होता, गाणंही तेच. बदललं होतं ते खालचं glibc, म्हणजे लिनक्सवरचे जवळजवळ सगळे प्रोग्रॅम ज्याच्यावर उभे असतात ते मूळ ग्रंथालय. त्यातलं memcpy हे फंक्शन काही इंटेल प्रोसेसरांसाठी अधिक वेगवान करून लिहिलं होतं.

memcpy चं काम मेमरीतला मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. त्याची अट सी भाषेच्या प्रमाणग्रंथात स्पष्ट आहे: दोन जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. चढत असतील तर memmove वापरा. आता हे पाहा:

```c
char b[] = "ABCDEF";
memcpy(b, b + 2, 4);
```

इथे CDEF ही चार अक्षरं दोन घरं डावीकडे सरकवायची आहेत, म्हणजे जागा एकमेकींवर चढतात आणि अट मोडते. तरी पुढून एकेक अक्षर उचलत गेलात तर CDEFEF मिळतं, जे हवं तेच आहे. आता मागून सुरुवात करा. आधी F चौथ्या घरात, मग E तिसऱ्या घरात. पुढे D उचलायला चौथ्या घरात जावं, तर तिथे आपणच F ठेवून बसलोय! शेवटी हाती येतं EFEFEF. C आणि D गेले, E आणि F तीनदा आले. अक्षरांऐवजी ध्वनीचे नमुने असतील, तर आवाज फाटणारच.

जुनं memcpy पुढून जायचं, नवं मागून. फ्लॅशने चढणाऱ्या जागांवर memcpy वापरलं होतं. चूक फ्लॅशची, आणि ती आधीपासून होती. फक्त दिसत नव्हती. तरी वाद पेटला. लिनस टोरवाल्ड्स यांचं म्हणणं होतं, की वापरणाऱ्याचं चालतं काम बंद पडलं, हे नियमाकडे बोट दाखवून झटकता येणार नाही. मला ते पटतं. लोक लिहिलेल्या नियमावर विसंबत नाहीत, दिसणाऱ्या वागणुकीवर विसंबतात.

हे रिग्रेशन चाचणीत सापडलं असतं का? चाचणी साधी आहे. ठरलेला आवाज आत द्यायचा, बाहेर आलेले बाइट जपून ठेवायचे, आणि अपडेटनंतर पुन्हा चालवून ते जुन्या बाइटांशी ताडून पाहायचे. पण बहुतेक ठिकाणी चाचण्या आपला कोड बदलला तरच चालतात, आणि इथे तर तो बदललाच नव्हता. म्हणजे पायाखालचं ग्रंथालय बदललं तरी त्या चालायला हव्यात.

दुसरी अडचण यंत्राची. मागून जाणारं memcpy ठरावीक प्रोसेसरांवरच निवडलं जायचं. चाचणीचा सर्व्हर जुना असेल, तर सगळं हिरवं.

तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वरचा चार अक्षरांचा नमुना खऱ्या यंत्रावर चालवलात तर उत्तर बहुधा बरोबर येईल, कारण चार बाइट एकाच दमात उचलले जातात. गोंधळ होतो तो मोठ्या तुकड्यांत. टेस्ट केस सुटसुटीत असावी म्हणून आपण डेटा लहान ठेवतो, आणि दोष नेमका तिथूनच निसटतो. खऱ्या वापराइतका मोठा डेटा हवा. सोबत वॅलग्रिंड या मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या साधनाखाली प्रोग्रॅम चालवा. ते आउटपुट बरोबर असतानाही सांगतं:

```
Source and destination overlap in memcpy
```

म्हणजे आवाज फाटण्याआधी, जुन्या glibc वरही, हा दोष दिसला असता.

पुढे २०११ मध्ये glibc २.१४ ने वाट काढली. memcpy ला आवृत्तीची चिठ्ठी लावली. आधी बांधलेल्या प्रोग्रॅमांना memmove सारखं सुरक्षित वागणारं memcpy मिळतं, नव्याने बांधलेल्यांना नवं. त्यामुळे जुनी बायनरी व्यवस्थित चालते. पण तोच सोर्स, एक ओळही न बदलता, नव्या यंत्रणेवर पुन्हा कंपाइल केलात की त्याला नवी चिठ्ठी मिळते, आणि झाकलेला दोष पुन्हा उघडा पडू शकतो. तेव्हा कंपायलर किंवा बिल्ड सर्व्हर बदलाल, त्या दिवशीही पूर्ण रिग्रेशन लावा.