सहा महिने की दीड महिना? एकाच ट्रायलच्या दोन रेषा

स्क्रीनवर जी पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरणारी रेषा दिसतेय ना, तिला सर्व्हायव्हल कर्व्ह म्हणतात. संभाजीनगरच्या कॅन्सर हॉस्पिटलात बीड, जालना, परभणीकडून पेशंट येतात, आणि नवं इंजेक्शन सुचवलं की घरचे विचारतातच, फरक किती पडतो? त्याचं उत्तर अशाच रेषांमधून येतं, म्हणून आज एक खरी ट्रायल निवांत वाचू.

ट्रायलचं नाव E2100, निकाल छापला 2007 साली. शरीरात पसरलेला ब्रेस्ट कॅन्सर असलेल्या सातशेच्या वर बायका. एका गटाला नुसतं पॅक्लिटॅक्सेल, हे केमोचं जुनं औषध, दुसऱ्या गटाला पॅक्लिटॅक्सेल अधिक बेव्हॅसिझुमॅब हे नवं इंजेक्शन.

आधी पहिला आलेख. खाली आडवे महिने, डावीकडं उभे टक्के. दोन्ही रेषा शंभरवरून निघतात आणि कुणाचा आजार वाढला किंवा कुणी गेलं की रेषा एक पायरी उतरते, हे झालं प्रोग्रेशन-फ्री सर्व्हायव्हल. आजार वाढलाय हे बहुतेक वेळा स्कॅनमध्येच कळतं, म्हणून अशा आलेखात स्कॅनच्या तारखांना रेषा एकदम धपकन खाली येते, मधल्या काळात सपाट. रेषेवरच्या बारीक उभ्या खुणा म्हणजे ज्यांचा हिशोब तिथंच थांबला, एकतर फॉलोअप तुटला किंवा ट्रायलचा आकडा काढला तेव्हा त्या ठीकच होत्या, पुढचं माहीत नाही.

आता डावीकडं पन्नास टक्क्यावर बोट ठेवा आणि आडवं सरका. नुसत्या पॅक्लिटॅक्सेलची रेषा 5.9 महिन्यांवर लागते, दुसरी 11.8 वर. याला मीडियन म्हणायचं, म्हणजे निम्म्या बायकांचा आजार त्याच्या आतच वाढलेला होता. दुप्पट फरक आहे, खोटा नाही.

हॅझर्ड रेशो 0.60, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो. समजा एखाद्या महिन्याच्या सुरुवातीला जुन्या औषधाच्या गटात शंभर जणी अजून ठीक आहेत आणि त्यातल्या दहा जणींचा आजार त्या महिन्यात वाढला, तर नव्या गटातल्या तशाच शंभर जणींत साधारण सहा जणींचा वाढेल. एवढाच त्याचा अर्थ. चाळीस टक्के पेशंट बऱ्या झाल्या असं नाही, आयुष्य चाळीस टक्के वाढलं असंही नाही. हा वेगाचा आकडा आहे, महिन्यांचा नाही. आणि तो पूर्ण काळाची सरासरी असतो, त्यामुळं रेषा आधी लांब जाऊन नंतर जवळ आल्या किंवा एकमेकींना कापल्या तर एकट्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, आलेखच बघा.

केजकडचा एक भाऊ बहिणीची फाइल मांडीवर घेऊन बसला होता, त्यानं डॉक्टरांना सरळ विचारलं, "सर, म्हणजे ताई दुप्पट जगल का?" डॉक्टर म्हणाले, "नाही दादा, ही रेषा आजार कधी वाढला ते सांगते. जगण्याची रेषा वेगळी आहे."

ती बघू, ओव्हरऑल सर्व्हायव्हल. इथं पायरी फक्त मृत्यूनं पडते. मीडियन नुसत्या पॅक्लिटॅक्सेलचं 25.2 महिने आणि दोन्ही औषधांचं 26.7 महिने, म्हणजे दीड महिन्याचा फरक. हॅझर्ड रेशो 0.88, आणि एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो असं गणित सांगतं. पण बोट पन्नास टक्क्यावरून काढून बारा महिन्यांवर ठेवा आणि उभं वर जा: जिवंत 73.4 टक्के आणि 81.2 टक्के. म्हणजे रेषा वर्षाला लांब होत्या, पुढं जवळ आल्या. एकच आकडा घेऊन बसलो असतो तर हे दिसलंच नसतं. शेपटाकडं मात्र फार बघत बसू नका, आलेखाखाली त्या-त्या वेळी किती पेशंट उरलेत ते लिहिलेलं असतं, मूठभर उरल्यात तर एका मृत्यूनं सुद्धा मोठी पायरी पडते.

मग सहा महिन्यांचे दीड महिने का झाले? आजार वाढल्यावर उपचार थांबत नाहीत, दुसरी औषधं मिळतात, त्यात दोन्ही गटांतला फरक पुसट होऊ शकतो. किंवा औषधानं गाठ काही काळ रोखली पण एकूण आयुष्य बदललंच नाही, असंही असू शकतं. दोन रेषा बघून यातलं नेमकं कोणतं ते सांगता येत नाही. पण दर दोन आठवड्याला सलाईनसाठी गाव सोडून येणं, बीपी वाढणं, खर्च, हे सगळं त्या सहा महिन्यांच्या बदल्यात आहे, आणि ते घरच्यांना आधी सांगायलाच पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं पहिल्या आलेखावर 2008 मध्ये बेव्हॅसिझुमॅबला या आजारासाठी परवानगी दिली. पुढच्या ट्रायल्समध्ये पहिल्या आलेखातला, म्हणजे आजार वाढेपर्यंतचा फरकही कमी निघाला, जगण्यात वाढ दिसली नाही, आणि नोव्हेंबर 2011 मध्ये ती परवानगी काढून घेतली. युरोपात मात्र पॅक्लिटॅक्सेलसोबत ती कायम राहिली.