वळसा घालून स्वस्त कधी पडतं?

नमस्कार श्रोतेहो. एका शहरातून दुसऱ्या शहरात माल जायचा असेल, तर तो थेट ट्रकनं पाठवावा की आधी मधल्या हबवर उतरवून तिथून पुढं धाडावा? थेट रस्ता जवळचा, म्हणजे स्वस्तही तोच, असं कुणालाही वाटेल. एक छोटासा हिशेब करून पाहू. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर उत्तम.

एक आयत काढा. एक बाजू ३०० किलोमीटर, दुसरी ४००. चार कोपऱ्यांवर चार शहरं. कर्ण येतो ५०० किलोमीटरचा. दोन्ही कर्ण जिथं एकमेकांना छेदतात तिथं आपलं हब, म्हणजे ते प्रत्येक शहरापासून २५० किलोमीटरवर. प्रत्येक शहर उरलेल्या तिन्ही शहरांना रोज ३-३ टन माल पाठवतं. ट्रक १२ टनी. ट्रक एक किलोमीटर चालला की खर्च एक एकक, असं धरू. ट्रक रिकामा धावला तर डिझेल थोडं वाचतं, पण ड्रायव्हरचा पगार आणि गाडीचा हप्ता काही कमी होत नाही. म्हणून खर्च टनावर न लावता ट्रकवर लावलाय.

आधी थेट पाठवून बघू. रोज १२ खेपा, त्यातल्या ४ तीनशेच्या, ४ चारशेच्या आणि ४ पाचशेच्या. बेरीज ४,८०० एकक. पण प्रत्येक ट्रकमध्ये माल फक्त ३ टन, म्हणजे पाऊण ट्रक रिकामाच धावतोय.

आता हब. प्रत्येक शहराचा तिन्हीकडचा मिळून ९ टन माल एकाच ट्रकमध्ये चढतो. ट्रक हबवर जातो, तिथं मालाची अदलाबदल होते, आणि तोच ट्रक आपल्या शहरासाठी आलेला ९ टन माल घेऊन परततो. जाऊन-येऊन ५०० किलोमीटर, ट्रक चार, म्हणजे २,००० एकक. हबवर चढ-उतार करायला टनामागे २० एकक धरले तर ३६ टनांचे ७२०. गोदामाचं भाडं आणि तिथली माणसं यांचे रोजचे ५०० धरू. एकूण ३,२२०. थेट पाठवण्यापेक्षा १,५८० नं कमी.

गंमत अशी की यात माल जास्त फिरला. शेजारच्या ३०० किलोमीटरवरच्या शहरात जाणारी पेटीसुद्धा ५०० किलोमीटर हिंडून पोचली. पण ट्रक कमी धावले, आणि बिल ट्रकचं येतं.

फेडएक्स या अमेरिकी कुरिअर कंपनीनं १९७३ साली मेम्फिस शहरात हब ठेवून विमानानं पाकिटं पोचवायची सेवा सुरू केली, तेव्हा पहिल्या रात्री २५ शहरांसाठी मिळून १८६ पाकिटं होती. २५ शहरांच्या एकमेकांत ६०० दिशा होतात. दर दिशेला एक पाकीटसुद्धा वाट्याला येत नव्हतं. तिथं थेट विमानांचा विचार करण्यातही अर्थ नव्हता.

आता आपल्या आयतात माल वाढवू. ३ ऐवजी ४ टन केले, तर शहरामागे १२ टन होतात आणि ट्रक काठोकाठ भरतो. हबचा खर्च ३,४६०, अजूनही स्वस्त. आणखी एकच टन वाढवा. शहरामागे १५ टन झाले, म्हणजे दुसरा ट्रक लागला, आणि तो जेमतेम पाव भरलेला. वाहतूक २,००० वरून थेट ४,००० वर गेली. चढ-उतार आणि गोदाम धरून ५,७००. थेट खेपांचा खर्च मात्र ४,८०० वरच आहे, कारण त्या ट्रकमध्ये अजून भरपूर जागा होती. हबचा खर्च असा पायरीनं उडी मारतो. सरासरी भाड्याचा दर टनांनी गुणून अंदाज बांधणाऱ्याला ही उडी कागदावर दिसतच नाही. ती महिनाअखेरीच्या बिलात दिसते.

मग हब मोडून टाकायचं? माझ्या मते इथंच घाई होते. ३०० किलोमीटरवरच्या शेजाऱ्यांचा माल तेवढा थेट पाठवून बघा, कारण हबचा वळसा सगळ्यात महाग पडतो तो त्यांनाच. त्या ४ खेपांचे १,२०० होतात. प्रत्येक शहराकडे हबसाठी १० टन उरतात, म्हणजे पुन्हा एकच ट्रक. वाहतूक २,०००, चढ-उतार ८००, गोदाम ५००. सगळे मिळून ४,५००. निव्वळ हबपेक्षा स्वस्त आणि निव्वळ थेटपेक्षाही.

अर्थात, या हिशेबात दोन्ही दिशांना सारखाच माल धरलाय. एखादं शहर पाठवतं भरपूर आणि मागवतं थोडं, असं असेल तर हबवरून परतणारा ट्रक निम्मा रिकामा येतो. उशीर तर आपण मोजलेलाच नाही. थेट खेपेत एक ट्रक अडकला तर एकाच शहराचा माल रखडतो. हबवर एक ट्रक उशिरा आला, तर उरलेल्या तिघांपुढं दोनच वाटा असतात: थांबायचं, किंवा त्याचा माल उद्यावर टाकून निघायचं. म्हणून हब चालवणारे ट्रक सोडायची वेळ ठरवून ठेवतात आणि मागे किती माल राहिला याची रोज नोंद करतात. तो आकडा वाढत चालला, की आधी त्या उशिरा येणाऱ्या शहराचा माल थेट पाठवता येतो का, हे तपासतात. नमस्कार.