गिळलेल्या ग्लुटाथायोनचं पुढे काय होतं?

[दृश्य: पाण्याच्या घोटासोबत गिळली जाणारी कॅप्सूल]

या कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन आहे. तीन अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी: ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसीन. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत ती असते आणि पेशीला ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून वाचवते. मग जी गोष्ट शरीराला हवी, तीच तोंडावाटे दिली तर बिघडलं कुठे?

जठरात तसं काही बिघडत नाही. ग्लुटामेट आणि सिस्टीन यांना जोडणारा सांधा नेहमीच्या प्रथिनांतल्या सांध्यापेक्षा वेगळ्या जागी असतो. त्यामुळे पेप्सिन आणि ट्रिप्सिन ही पचनाची एन्झाइम्स त्याला तोडू शकत नाहीत. खरी तोडफोड पुढे, लहान आतड्यात होते.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली लहान आतड्याचं अस्तर]

आतड्याच्या पेशींच्या काठावर गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सफरेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. यकृताच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये ‘जीजीटी’ म्हणून ज्याचा आकडा येतो, तेच हे. नेमका तो वेगळा सांधा तोडणं हेच त्याचं काम. ग्लुटामेट सुटतं आणि सिस्टीन-ग्लायसीनची जोडी उरते. तिलाही दुसरं एन्झाइम फोडतं. रक्तात जातात ते बहुतांशी सुटे भाग. काही रेणू अखंड निसटत असतीलही, पण पुढे यकृत आणि मूत्रपिंडातही जीजीटी असतंच. शिवाय बहुतेक पेशी अख्खं ग्लुटाथायोन बाहेरून आत घेत नाहीत.

१९९२ साली हे थेट माणसांवर तपासलं गेलं. सात निरोगी स्वयंसेवकांना एकाच वेळी मोठा डोस दिला, प्रौढ माणसाच्या वजनाला साधारण ३ ग्रॅम. पुढचे साडेचार तास त्यांचं रक्त तपासत राहिले. प्लाझ्मातलं ग्लुटाथायोन म्हणावं तसं वाढलंच नाही.

याच्या विरुद्ध बाजूही सांगायला हवी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांनी सहा महिने रोज २५० किंवा १००० मिलिग्रॅम घेतलं आणि रक्तातली पातळी वाढलेली दिसली. मात्र ती अख्ख्या ग्लुटाथायोनमुळे वाढली, की सुट्या भागांपासून पेशींनी ते पुन्हा बांधल्यामुळे, हे नुसत्या रक्ताच्या आकड्यावरून ठरत नाही.

सुटे भागच पोहोचत असतील, तर हिशेब सिस्टीनचा करायचा. कारण पेशीत ग्लुटाथायोन बनताना बहुतेक वेळा तुटवडा सिस्टीनचाच असतो.

[दृश्य: कागदावर लिहिले जाणारे आकडे]

५०० मिलिग्रॅम ग्लुटाथायोन पूर्ण फुटलं, तर त्यातून साधारण २०० मिलिग्रॅम सिस्टीन मिळतं. एन-अॅसिटिलसिस्टीन, म्हणजे ‘नॅक’, ६०० मिलिग्रॅम घेतलं, तर त्यात साधारण ४४५ मिलिग्रॅम सिस्टीन असतं. साधं सिस्टीन हवेत आणि पाण्यात लवकर ऑक्सिडाइज होतं. नॅकमधला अॅसिटिल गट त्याला सांभाळतो आणि शरीरात गेल्यावर निघून जातो.

पॅरासिटामॉलच्या विषबाधेत डॉक्टर याच वाटेने जातात. अतिडोसाने यकृतातलं ग्लुटाथायोन संपत येतं आणि पॅरासिटामॉलपासून बनणारा विषारी पदार्थ पेशींना चिकटू लागतो. अशा वेळी रुग्णाला ग्लुटाथायोन नव्हे, नॅक देतात. यकृताला कच्चा माल मिळाला की ते स्वतःच ग्लुटाथायोन बांधतं. तेही वेळेत दिलं तरच: पहिल्या आठ तासांत याचा फायदा सर्वाधिक असतो.

नॅकसोबत काही वेळा ग्लायसीनही देतात. ते कशाला? सिस्टीन आणि ग्लुटामेट जोडले गेले की शेवटचा दुवा ग्लायसीनचा. ते कमी पडलं तर अर्धवट साखळी पुढे जात नाही, ती मोडते आणि ५-ऑक्सोप्रोलीन तयार होतं. लघवीत हे वाढलं, तर ग्लायसीन कमी पडत असल्याची ती एक खूण मानतात.

ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये राजगोपाल शेखर यांच्या गटाने आठ वृद्धांना दोन आठवडे नॅकच्या रूपात सिस्टीन आणि सोबत ग्लायसीन दिलं. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला त्यांच्या तांबड्या रक्तपेशींत ग्लुटाथायोन तरुणांच्या जवळपास निम्मंच होतं. दोन आठवड्यांनी ते तरुणांच्या पातळीला पोहोचलं.

आठ माणसं म्हणजे फार थोडी. नंतर २०२२ मध्ये शंभराहून अधिक निरोगी वृद्धांवर असाच प्रयोग झाला, तेव्हा संपूर्ण गटात ठळक वाढ दिसली नाही. वाढ दिसली ती ज्यांच्यात मुळात ग्लुटाथायोन कमी आणि ऑक्सिडेशनचा ताण जास्त होता, त्यांच्यात, आणि तीही मध्यम आणि मोठ्या डोसला. याचं एक कारण पेशीतच आहे. ग्लुटाथायोन पुरेसं झालं की ते स्वतःच आपल्या निर्मितीतल्या पहिल्या एन्झाइमला आवर घालतं. साठा भरलेला असेल, तर कच्चा माल कितीही ओता, पेशी जास्तीचं ग्लुटाथायोन बांधत नाही.