भाजणीची जाहिरात नामंजूर का झाली

कोथरूडमधल्या एका गृहउद्योगाची अर्ध्या मिनिटाची रील फेसबुकने नामंजूर केली. मजकूर असा होता: 'तुम्हाला शुगर आहे? आमच्या भाजणीने तीस दिवसांत गोळ्या बंद! शंभर टक्के नैसर्गिक.' त्यांनी 'शु.गर' असं मध्ये टिंब टाकून रील पुन्हा पाठवली. हे कधीही करू नका. तपासणी चुकवण्याचा प्रयत्न हा तिथे वेगळा नियमभंग धरला जातो, आणि मग एका जाहिरातीवरून गोष्ट सगळ्या जाहिरात खात्यावर जाते.

आपण एकेक वाक्य घेऊ. 'तुम्हाला शुगर आहे?' यात पाहणाऱ्याच्या आजाराकडे थेट बोट आहे. फेसबुक चालवणाऱ्या मेटाच्या नियमांत ते बसत नाही, मग पुढचं सगळं खरं असलं तरी. 'गोळ्या बंद' हे तर फेसबुकपुरतं मर्यादित नाही. खाद्यपदार्थाने आजार बरा होतो असा दावा अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018च्या नियमांनी करता येत नाही. शिवाय ऐकून कोणी खरंच गोळी सोडली तर? मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते. आणि 'नैसर्गिक'? अनेक घटक एकत्र केलेल्या पदार्थाला हे विशेषण त्याच नियमांनुसार लावता येत नाही, आणि भाजणीत तर पाच-सहा धान्यं असतात.

आता उरलं काय, असं गृहउद्योग चालवणाऱ्या ताईंनी विचारलं. मी म्हटलं, तुमच्याकडे कागद कोणता आहे? प्रयोगशाळेचा अहवाल निघाला: शंभर ग्रॅममध्ये नऊ ग्रॅम तंतुमय पदार्थ. घन पदार्थात सहा ग्रॅम असले की 'भरपूर तंतुमय' म्हणता येतं. म्हणजे सांगण्यासारखं त्यांच्याकडे होतं, फक्त ते त्या रीलमध्ये आलंच नव्हतं.

नवा मजकूर तव्यावरच्या थालीपिठाच्या चुरचुर आवाजाने सुरू होतो: 'ज्वारी, बाजरी, नाचणी, हरभरा डाळ, उडीद. प्रत्येक धान्य वेगळं भाजून दळलेलं. शंभर ग्रॅममध्ये नऊ ग्रॅम तंतुमय पदार्थ. कांदा, कोथिंबीर घाला, मळा, थापा. पुण्यात घरपोच.' बघा, आता प्रत्येक वाक्य पिठाबद्दल आहे, पाहणाऱ्याच्या शरीराबद्दल एकही नाही.

एवढं करूनही ती रील अडकू शकते, कारण तपासणी फक्त आवाजाची होत नाही. पडद्यावरची अक्षरं, मुखचित्र आणि लिंक उघडल्यावर दिसणारं पान हेही पाहिलं जातं. त्यांच्या पानावर 'मधुमेहींसाठी वरदान' अजून तसंच होतं, पाकिटाच्या फोटोवरही. ते आधी काढा, मगच जाहिरात दुरुस्त करून पाठवा. दुरुस्त जाहिरात नव्याने तपासली जाते. फेरतपासणीची मागणी मात्र मूळ मजकूर नियमांत बसत होता अशी खात्री असेल तेव्हाच करा.